गाडीत शेजारचा माणूस नंबर मागतो तेव्हा नेमकं काय बोलायचं

प्रश्न : महिन्यातून दोनतीनदा हुतात्मा एक्सप्रेसनं सोलापूरहून पुण्याला जाते. शेजारी बसलेले कुणी काका, कधी एखादा मुलगा, गप्पा मारता मारता नंबर मागतात आणि मग सोडतच नाहीत. तोंडावर नाही म्हणायचा धीर होत नाही. सोलापूरचाच माणूस, उद्या बाबांच्या ओळखीतला निघायचा. त्याला वाईट न वाटता काय बोलू? नेमके शब्द सांगा.

उत्तर :

आधी शब्द देते. "नाही काका, मी नंबर देत नाही कुणाला." एवढंच म्हणायचं आणि थांबायचं. पुढं कारण जोडायचं नाही, "सॉरी" नाही, "नंतर देते" तर मुळीच नाही.

वाक्य साधं दिसतं, पण माझ्या वर्गात ते सरळ म्हणायला मुलींना दोनतीन दिवस लागतात. गेली सोळा वर्षं मी सोलापुरात कॉलेजच्या मुली आणि दुकानांत, दवाखान्यांत काम करणाऱ्या बायका यांचे बोलण्याचे वर्ग घेते. दोन खुर्च्या शेजारी शेजारी लावायच्या, एकीवर मुलगी, दुसरीवर मी. मी काका होते आणि नंबर मागते. पहिल्या दिवशी जवळजवळ प्रत्येकीच्या तोंडून एकच शब्द निघतो : "नको ना काका."

घोटाळा इथंच होतो. आपल्याकडं "नको" हा नकार नसतो, ती आग्रहाची पहिली पायरी असते. पाहुणा "नको, नको" म्हणाला तरी त्याच्या ताटात कडक भाकरी पडते आणि तिच्यावर चमचाभर शेंगाचटणी. पाहुण्यालाही तसंच हवं असतं आणि वाढणाऱ्यालाही ते माहीत असतं. लहानपणापासून आपण सगळे हेच शिकलो. तेव्हा तुम्ही लाजत "नको" म्हणता तेव्हा चिकट माणसाच्या कानाला ते "अजून एकदा विचारा" असं ऐकू येतं. त्याला खरंच तसं वाटतं की तो तसा आव आणतो, हे शोधत बसू नका. "नको", "राहू दे", "बघू", "कशाला उगीच" हे शब्द त्या क्षणापुरते बाजूला ठेवा. हे सगळे पंगतीतले शब्द आहेत आणि तुम्हाला पंगतीतून उठायचं आहे.

मग क्रियापद कोणतं घ्यायचं? "नंबर देणार नाही" म्हटलं की ते त्या माणसाला उद्देशून होतं. तुम्ही मागितलात म्हणून तुम्हाला नाही, असा त्याचा अर्थ लागतो आणि अपमान वाटतो. "नंबर देता येणार नाही" म्हटलं की वाटतं मध्ये काहीतरी अडचण आहे, आणि अडचण म्हटली की समोरचा ती सोडवायला बसतो : का बरं, घरचे रागावतात का, फोन भावाचा आहे का? "नंबर देत नाही" ही मात्र सवय झाली. जशी "मी चहा घेत नाही" किंवा "मी गुरुवारी मटण खात नाही". सवयीबद्दल कुणी फार वाद घालत नाही आणि सवयीचा रागही येत नाही, कारण ती सगळ्यांसाठी सारखीच असते. शेवटचं "कुणाला" हेच काम करतं. माणसाला वाईट न वाटण्याची सगळी सोय त्या एका शब्दात आहे.

कारण का द्यायचं नाही, हे मी स्वतः चुकून शिकले. लग्नाआधीची गोष्ट. पंढरपूरहून एसटीनं येत होते. शेजारच्या माणसानं नंबर मागितला. मी म्हणाले, "फोनची बॅटरी गेलीय, नंतर देते." मला वाटलं सुटले. तो सोलापूरच्या स्टँडवर माझ्यामागं उतरला आणि रसवंतीच्या गाड्यापर्यंत आला. "चला, इथं चार्जिंग करू," म्हणाला. त्याच्या दृष्टीनं मी शब्द दिला होता आणि तो मोडत होते मी. तेव्हापासून एक गोष्ट पक्की कळली. कारण म्हणजे समोरच्याच्या हातात दिलेली दोरी. तो ती ओढणारच.

आता काका की दादा? माणूस वडिलांच्या वयाचा असेल तर "काका" जरूर म्हणा. त्यानं त्याचा मान राहतो आणि नातं कोणतं तेही तुम्हीच ठरवून टाकता. बरोबरीच्या वयाच्या मुलाला मात्र "दादा" म्हणायची घाई नको. काहींना ते डिवचल्यासारखं लागतं, काही त्यावरूनच गप्पा लांबवतात. त्याला नुसतं "तुम्ही" म्हणा. "नाही, मी नंबर देत नाही कुणाला. इन्स्टाचंही तेच." तो "तू" वर उतरला तरी तुम्ही "तुम्ही" वरच राहा. अहोजाहोमुळं मध्ये हातभर अंतर राहतं, आणि आजूबाजूचे ऐकत असतील तर मर्यादा कोण सोडतंय हेही त्यांना दिसतं.

एक पूर्ण प्रसंग सांगते. माझ्या वर्गातल्या मुलीचा आहे, तिला विचारून सांगतेय. ती अशोक चौकाकडची, पुण्यात एका दवाखान्यात बिलिंगला. हुतात्माला खिडकीशी जागा होती. शेजारी पन्नाशीचे गृहस्थ, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात डबा. सोलापूर सुटल्यावर बोलणं सुरू झालं. कुठं निघालाव, आडनाव काय, कुठल्या भागात राहता. "अशोक चौक? मग आपल्याच की!" इथवर काही वावगं नव्हतं. आपल्याकडं गाडीत माणसं अशीच बोलतात आणि मला ते आवडतंही. कुर्डुवाडी मागं पडली आणि ते म्हणाले :

"तुमचा नंबर द्या की. परक्या गावात आपला माणूस असावा."

"नाही काका, मी नंबर देत नाही कुणाला."

"अहो, मी काय तसला माणूस वाटलो का तुम्हाला?"

हा दुसरा डाव जवळजवळ ठरलेला असतो, आणि बहुतेकजणी इथंच घसरतात. घाईनं म्हणतात, "नाही नाही काका, तुम्ही चांगलेच आहात." त्यावर पुढचं वाक्य तयारच असतं : "मग द्या की." त्याच्या चांगुलपणाचा दाखला तुम्ही द्यायचा नाही आणि तो नाकारायचाही नाही. तिनं बरोबर सांगितलं :

"तुमच्याबद्दल काहीच नाही, काका. सगळ्यांना हेच सांगते."

"बरं, मग माझा घ्या. एक मिस कॉल टाका, सेव्ह करतो."

मिस कॉल म्हणजे नंबर देणंच. हे ऐकताना लक्षात येत नाही, कारण शब्द "माझा घ्या" असे असतात. तिचं उत्तर होतं, "नाही काका. देत नाही आणि घेतही नाही."

मग ते दोन मिनिटं गप्प बसले. अशी शांतता आली की ती भरून काढू नका. आपल्यामुळं समोरचा अवघडला म्हणून आपणच काहीतरी गोड बोलायला जातो आणि तिथं दार पुन्हा उघडतं. तिनं फोन पर्समध्ये टाकला, पर्सची चेन लावली आणि खिडकीबाहेर बघत बसली. हातात फोन दिसत असेपर्यंत तो विषय त्यांच्याही डोळ्यांपुढं राहतो, म्हणून ही लहानशी हालचाल मी मुद्दाम शिकवते.

थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा काढलंच. "माझा भाचा मोठ्या कंपनीत आहे. तुमचा बायोडाटा पाठवला असता त्याला."

"कंपनीचं नाव सांगा काका, मी त्यांच्या साईटवर अर्ज करते."

हे उत्तर मला फार आवडलं. मदत खरी असेल तर कंपनीचं नाव मिळतं आणि माणसालाही उपयोगी पडल्याचं समाधान मिळतं. मदत हे नुसतं निमित्त असेल तर नाव मिळत नाही. तिला मिळालं नाही.

इथवर तिनं एकही शब्द चुकीचा बोलला नव्हता, तरी संध्याकाळी मोबाईलवर मेसेज आला : "पोचलात का?"

झालं असं की दौंडच्या आधी चहावाला आला होता. काकांनी दोन चहा घेतले आणि पैसे देऊन टाकले. फुकटचा चहा नको म्हणून तिनं फोन काढला, काकांनी क्यूआर कोड पुढं केला आणि तिनं तिच्या चहाचे पैसे पाठवले. तिचा यूपीआय आयडी म्हणजे तिचाच दहा आकडी मोबाईल नंबर आणि पुढं @ लावून बँकेची शेपटी. पैसे पोचले आणि त्यांच्या फोनवर तिचं पूर्ण नाव आणि नंबर, दोन्ही गेलं. तीन वेळा तोंडानं राखलेली गोष्ट चहाच्या पैशांबरोबर गेली.

म्हणून प्रवासात दहा-वीसच्या चार नोटा वरच्या कप्प्यात ठेवा. चहावाला आला की आपला चहा आपण आधी घ्या आणि पैसे थेट त्याच्या हातात द्या. कुणी तुमचे पैसे भरलेच तर नोट पुढं करा. ती घेतली नाही तर "थँक्यू काका" म्हणून विषय संपवा, एका चहाचं ओझं नसतं. बऱ्याच ॲपमध्ये मोबाईल नंबर नसलेला वेगळा यूपीआय आयडी करता येतो, तोही करून ठेवा. नाव तरीही दिसेल, नंबर दिसणार नाही.

नंबर म्हणजे नुसते दहा आकडे राहिलेले नाहीत, हेही यावरून कळेल. नंबर हातात असला की पैसे पाठवायच्या बऱ्याच ॲपमध्ये तो टाकून बँकेतलं नाव बघता येतं आणि व्हॉट्सॲपवर फोटो दिसतो. व्हॉट्सॲपमध्ये Settings, मग Privacy, मग Profile photo इथं My contacts निवडा, म्हणजे तुम्ही ज्यांचे नंबर सेव्ह केलेत त्यांनाच फोटो दिसेल. Groups ला सुद्धा तेच लावा, नाहीतर कुणीही उचलून कुठल्याही ग्रुपात टाकतं.

खोटा नंबर द्यावा का, असं प्रत्येक वर्गात कुणीतरी विचारतं. माझं उत्तर नाही असंच आहे. हट्टी माणूस तिथल्या तिथं लावून बघतो. "वाजला नाही हो तुमचा." मग अजून दोन तास त्याच्याच शेजारी बसायचं असतं, आणि आता त्याच्याकडं रागवायला खरंच कारण असतं. शिवाय तुम्ही बदललेला तो आकडा कुणातरी दुसऱ्या बाईचा असू शकतो. "नवरा रागावतो", "बाबांना आवडत नाही" हेही मी शिकवत नाही. कारण मग तुमची हरकत नाही, फक्त घरच्यांची आहे, असा त्याचा अर्थ निघतो आणि माणूस म्हणतो, "त्यांना कुठं कळतंय."

आवाजाबद्दल थोडं. "देत नाही कुणाला" म्हणताना शेवटी आवाज वर गेला तर ते वाक्य प्रश्नासारखं वाटतं. "कुणाला" वर आवाज खाली आणा, बसच्या कंडक्टरनं "पुढचा स्टॉप सात रस्ता" सांगावा तसा. हसायचंच असेल तर "नाही काका" ला हसा, वाक्य संपताना नाही. घरी भांडी घासताना दहा वेळा मोठ्यानं म्हणा. गाडीत ते आठवून बोलायची वेळ येऊ नये, आपोआप निघालं पाहिजे.

न दुखावता नाही म्हणण्याची हद्द कुठं संपते, तेही सांगायला हवं. सरळ माणूस पहिल्या नकारालाच ओळखता येतो. थोडा ओशाळतो, "बरं बरं, काही हरकत नाही" म्हणतो आणि ऊस, पाऊस नाहीतर सिद्धेश्वरच्या गड्ड्याच्या यात्रेवर येतो. अशा माणसाशी तुम्ही दहा मिनिटांनी स्वतःहून एक साधं वाक्य बोला, "दौंड आलं वाटतं," म्हणून. त्यात त्याला कळतं की नंबर नाकारला, माणूस नाकारला नाही. तो उद्या बाबांच्या ओळखीतला निघाला तरी काही बिघडणार नाही.

दुसऱ्यांदा विचारणारा सवयीचा आग्रही असू शकतो. त्याला तेच वाक्य, त्याच शब्दांत. नवे शब्द शोधू नका, नव्या शब्दांत त्याला नवी फट सापडते. तिसऱ्यांदा वेगळ्या वाटेनं तेच मागणारा माणूस मात्र तुमचं ऐकू येऊनही ऐकत नाही. तिथं त्याला वाईट वाटेल का, ही काळजी तुमची राहत नाही. समोरच्या बाकावर ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणा : "काका, तुम्ही तिसऱ्यांदा विचारताय. मी नाही म्हटलंय." त्या प्रसंगातल्या मुलीनं भाच्याच्या वेळी हेच वाक्य वापरलं असतं तरी चाललं असतं. ती शांत राहिली, तेही चुकलं नाही. पण त्यानंतर त्यांच्याकडून चहा घ्यायला नको होता, इतकं मी तिला सांगितलं.

याहून पुढं गेलं, म्हणजे अंगाला खेटणं, फोनमध्ये डोकावणं, फोटो काढणं, तर जागेवरून उठा. डब्यात एखादं कुटुंब किंवा दोनतीन बायका बसलेल्या असतील तिथं जाऊन "मी इथं बसू का थोडा वेळ?" एवढं म्हणा. नाही म्हणणारी बाई मला आजवर भेटलेली नाही. तिकीट तपासनीस दिसला तर त्याला सांगा. चालत्या गाडीतून रेल्वेचा १३९ लागतो, आणि कुठूनही ११२.

स्पष्ट "नाही" चा कायद्यातही उपयोग आहे. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या ७८ व्या कलमात पाठलागाचा गुन्हा आहे. बाईनं आपली नाखुशी स्पष्ट दाखवूनही पुरुष जवळीक साधायला पुन्हा पुन्हा संपर्क करत राहिला किंवा तसा प्रयत्न करत राहिला तर तो गुन्हा होतो. पहिल्या वेळेला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. एकदा नंबर मागणं हा काही गुन्हा नाही, आणि गाडीतल्या प्रत्येक काकांना कलम ऐकवायचं नाही. पण पुढं मेसेज सुरू झाले तर "मी स्पष्ट नाही म्हटलं होतं" हे सांगता आलं पाहिजे, आणि "बघू", "नंतर देते" म्हटलेलं असलं की ते सांगताना जीभ अडखळते. त्या मुलीला मी सांगितलं की एकदाच लिही : "मी तुम्हाला नंबर दिलेला नाही. कृपया मेसेज करू नका." त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेव, मग ब्लॉक कर. त्यांनी पुढं काही केलं नाही.

आता राहिली तुमची खरी भीती, बाबांच्या ओळखीतला निघाला तर. यावर एकच उपाय मला लागू पडलेला दिसलाय. गाडीतून उतरल्यावर घरी तुम्ही आधी सांगा. त्या माणसानं चौकात बाबांना "तुमची पोरगी लई फटकळ आहे" म्हणायच्या आधी बाबांना सगळं माहीत हवं. तक्रारीच्या सुरात नको, पोचल्याचा फोन करता त्यातच, सहज : "गाडीत सोलापूरचेच एक काका होते, आडनाव अमुक, बोलायला बरे होते. नंबर मागत होते, मी म्हटलं मी कुणाला देत नाही. तुम्ही ओळखता का त्यांना?" ओळखत असतील तर बाबाच सांगतील, "बरं केलंस," किंवा "अगं, तो माझा शाळेतला मित्र." मित्र निघालाच, तर त्याला फोन बाबांनी करू द्या.